रंगपंचमी आणि दोन वर्षांचे मूल

फाल्गुन पौर्णिमेस होळी झाली की पाचव्या दिवशी, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीस, महाराष्ट्रात रंगपंचमी येते. अलीकडे कित्येक गावी धुळवडीच्या दिवशीच रंग खेळण्याचा प्रघात पडला आहे. दिवस कोणताही असो, खेड्यातील शाळेत एक गोष्ट सर्वत्र दिसते. तिसरी-चौथीतील मुली धाकट्या भावंडास कडेवर घेऊन येतात, आणि मोठ्यांच्या खेळात ते दीड-दोन वर्षांचे मूलही रंगून निघते. त्या मुलास कोणता रंग लावावा, कसा लावावा, आणि रंग डोळ्यात गेल्यास तत्क्षणी काय करावे, याची माहिती शिक्षकाने त्याला कडेवर घेणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचविली, तरच ती वेळेवर उपयोगी पडते.

दोन वर्षांचे मूल आणि दहा वर्षांचे मूल यांत रंगाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. लहान मुलाची त्वचा पातळ असते आणि देहाच्या वजनाच्या मानाने तिचा विस्तार अधिक असतो. त्यामुळे त्वचेवाटे शिरणारा पदार्थ मोठ्या माणसापेक्षा त्यास अधिक बाधतो. दुसरे असे की, या वयात हात सारखा तोंडात आणि डोळ्यांकडे जातो. तळहातावर लावलेला रंग पाच मिनिटांत ओठांवर आणि पापण्यांवर पोहोचलेला असतो. तिसरे, डोळ्यात काही गेले तर ते सांगता येत नाही. मूल केवळ रडते आणि डोळा चोळते. यावरून एक साधा नियम निघतो: जो रंग चुकून पोटात गेला तरी अपाय करणार नाही, आणि जो नुसत्या पाण्याने डोळ्यातून धुऊन निघेल, तोच रंग लहान मुलाजवळ आणावा. वर्षाच्या आतील मुलास तर कोणताच रंग लावू नये.

हा नियम मान्य केल्यावर बाजारातील खडे रंग, चंदेरी वार्निशी रंग व भुकटीचे बहुतेक रंग आपोआप बाजूस पडतात. पुडीवर ‘नैसर्गिक’ असा शब्द छापलेला असला तरी आत काय आहे हे त्यावरून निश्चित होत नाही. पण येथेच एक गैरसमज होतो. घरी केलेला किंवा वनस्पतीपासून काढलेला रंग म्हणजे निर्धोक रंग, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही.

नैसर्गिक पण निर्धोक नव्हे

हळदीत चुन्याची निवळी घातली की पिवळा रंग पालटून तांबडा होतो, हे प्रत्येक घरी ठाऊक आहे. कुंकू करण्याच्या जुन्या कृतींत हेच तत्त्व आहे. मुले रंगपंचमीसाठी लाल पाणी करताना हाच उपाय योजतात आणि रंग गडद व्हावा म्हणून पानाच्या डबीतील चुना सढळ हाताने घालतात. चुना तीव्र दाहक आहे. त्याचा बारीक कण डोळ्यात अडकून राहिला तर तो बुबुळावरील पारदर्शक पडदा जाळीत खोल जातो आणि त्यावर कायमचा पांढरा डाग राहून दृष्टी जाऊ शकते. हळद आणि चुना ही दोन्ही घरचीच. परंतु त्यांचे मिश्रण लहान मुलाच्या जवळपास असता कामा नये. धुण्याचा सोडा घातलेल्या रंगासही हेच लागू आहे.

दुसरा धोका फुलांचा. रंगासाठी फुले गोळा करण्यास मुलांस पाठविले की ती दिसेल ते रंगीत फूल आणतात. कण्हेरीचे गुलाबी फूल, रुईचे जांभळट फूल आणि गुंजेचा लाल दाणा ही त्यांच्या हाती सहज लागतात. कण्हेर व गुंज विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यास लागल्यास डोळा सुजतो आणि काही वेळाने अंधुक दिसू लागते. धोत्र्याचेही तेच, त्याचा रस लागलेला हात डोळ्यास लागला तर बाहुली विस्फारते, आणि बी पोटात गेल्यास जिवावर बेतते. म्हणून फुले आणण्यास सांगताना ‘फक्त पळस’ असे स्पष्ट सांगावे आणि आणलेली टोपली शिक्षकाने स्वतः निवडून पाहावी.

चुना किंवा सोडा ओळखण्याची एक सोपी परीक्षा वर्गात करून दाखविता येते. एका वाटीत चमचाभर हळद पाण्यात कालवावी, त्यात कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवाव्यात. अशा पिवळ्या पट्टीवर प्रथम चुन्याच्या निवळीचा एक थेंब टाकून दाखवावा. पट्टी त्या जागी तांबूस तपकिरी होते. मग ज्या रंगाची शंका असेल त्याचे पाणी थेंबभर टाकावे. पट्टी तशीच तांबूस झाली तर त्या रंगात चुना, सोडा किंवा तत्सम क्षार आहे, आणि तो लहान मुलासाठी वर्ज्य होय. या परीक्षेची मर्यादाही मुलांस सांगावी. रंग मुळातच गडद लाल असेल तर खूण नीट दिसत नाही. शिवाय पट्टी पिवळी राहिली एवढ्यावरून रंग निर्धोक ठरत नाही, कारण कापडाचे रंग व इतर विषारी द्रव्ये या परीक्षेत सापडत नाहीत.

पळसाचे पाणी

लहान मुलासाठी सर्वांत सोयीचा रंग पळसाच्या फुलांचा. होळीच्या सुमारास पळसाची पाने झडलेली असतात आणि झाड केशरी फुलांनी भरलेले असते. झाडाखाली पहाटे पडलेली ताजी फुले वेचावीत. वाहत्या रस्त्याच्या कडेची धुळीने माखलेली, किंवा औषधाची फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरील फुले घेऊ नयेत.

उदाहरणादाखल एक घर घेऊ. आई-वडील, तिसरीत शिकणारी मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. रंग एका मुलासाठी करावयाचा आहे. तेव्हा दोन ओंजळी फुले व दोन लिटर पाणी पुरेसे आहे. फुलाच्या बुडाशी काळपट हिरव्या रंगाचा मखमली पेला असतो. त्यावरील बारीक लव त्वचेस व डोळ्यास टोचते. म्हणून तो काढून टाकावा आणि केवळ केशरी पाकळ्या घ्याव्यात. पळसाचे बी, म्हणजे पळसपापडी, त्यात येऊ देऊ नये, कारण ते पोटास बाधते. पाकळ्या दोनदा धुऊन स्टीलच्या पातेल्यात पाण्यासह ठेवाव्यात. लोखंडी कढईत उकळल्यास रंग काळवंडतो. पाण्यास उकळी आल्यावर मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे ठेवावे, नंतर झाकून रात्रभर तसेच राहू द्यावे. हे काम मोठ्या माणसाने करावे, आणि पातेले मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावे.

सकाळी ते पाणी दुहेरी पंचातून गाळावे. हे गाळणे टाळू नये, कारण पाकळ्यांचे तंतू आणि राहिलेली लव याच वेळी निघून जाते. मिळणारे पाणी केशरी पिवळे असते. ते चुना घालून गडद करण्याचा मोह आवरावा. हे पाणी चवीस तुरट लागते. चुकून घोटभर पोटात गेले तरी सहसा अपाय होत नाही, तथापि ते पाजण्याची वस्तू नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडी ते लवकर आंबते, यास्तव त्याच दिवशी दुपारपर्यंत वापरावे. आंबूस वास आला किंवा वर फेस दिसला तर ओतून द्यावे.

दुसरा रंग हवा असल्यास एक मध्यम आकाराचे बीट किसून लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवावे आणि गाळून घ्यावे. सुंदर गुलाबी पाणी मिळते. मुलाने ते बरेच चाखले असेल तर पुढे दिवसभर लघवी किंवा शौच तांबूस दिसू शकते. ते रक्त नव्हे, हे आईस आधी सांगून ठेवावे. नाहीतर सायंकाळी घरात विनाकारण घबराट उडते. पिवळ्यासाठी एक भाग हळद व चार भाग बेसन पाण्यात सैलसर कालवावे. हळद घरी हळकुंडे कुटून केलेली असावी, कारण बाजारातील सुट्या हळदीत पिवळ्या कृत्रिम रंगाची भेसळ असू शकते.

वरील तिन्ही रंग ओले आहेत, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. कोरडी भुकटी, मग ती नुसत्या बेसनाची का असेना, हवेत उडते आणि मुलाच्या नाकात, घशात व डोळ्यात जाते. मोठे माणूस भुकटी उडताच डोळे मिटते व श्वास रोखते. दोन वर्षांच्या मुलास ते साधत नाही. म्हणून लहान मुलाच्या आसपास कोरडा रंग उधळूच नये.

खेळण्यापूर्वी आणि खेळताना

रंग खाण्याजोगा असला तरी एखाद्या मुलाची त्वचा तो सोसत नाही. म्हणून थोडा रंग आदल्या दिवशीच करून त्याची परीक्षा घ्यावी. मुलाच्या दंडाच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागेवर तो लावावा, दहा मिनिटांनी धुवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. ती जागा लाल झाली, पुरळ उठले किंवा मूल तेथे खाजवू लागले तर तो रंग लावू नये. अंगावर इसब, घामोळे, खरूज किंवा ओरखडे असतील तर रंग न लावणेच बरे.

त्या दिवशी सकाळी मुलाची नखे कापावीत. त्याच्याशी खेळणाऱ्या भावंडांचीही कापावीत. हातापायांस व मानेस खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा, म्हणजे रंग त्वचेच्या रेघांत बसत नाही. डोळ्यांभोवती आणि कपाळावर मात्र तेल लावू नये, कारण ते घामाबरोबर ओघळते आणि रंगही डोळ्यात नेते. काजळ घालू नये. जुना, सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

रंगाचे पाणी बादलीत ठेवू नये. या वयाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकताना तोल गेला तर ते डोक्यावर आत पडते आणि त्यास स्वतः बाहेर येता येत नाही. बादलीच्या तळाशी असलेले वीतभर पाणीसुद्धा अशा वेळी प्राणघातक होते आणि आवाजही होत नाही. म्हणून रुंद परातीत दोन बोटे कोमट पाणी घ्यावे, मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसावे आणि खेळ संपताच परात पालथी करावी. मोठ्या मुलांच्या रंगाच्या बादल्या व पिंपे यांचाही याच कारणाने बंदोबस्त करावा.

आपल्या उदाहरणातील मुलगा सकाळी नऊच्या सुमारास, ऊन चढण्यापूर्वी, अंगणाच्या सावलीत परातीजवळ बसला आहे. तो पाण्यात हात बुडवितो आणि जुन्या पांढऱ्या फडक्यावर पंजा उमटवितो. ताई त्याच्या पावलांस रंग लावते आणि त्याची पावले अंगणात उमटतात. चेहऱ्यास कोणी हात लावीत नाही. हौसेखातर गालावर एक ठिपका पुरे. पिचकारी आणि फुगे त्याच्यापासून दूर आहेत, कारण फुग्याचा वा जोराच्या धारेचा मार डोळ्यास लागला तर पाणी स्वच्छ असूनही इजा होते. पंधरा-वीस मिनिटांत खेळ आवरतो. ओल्या कपड्यांत मूल त्याहून अधिक वेळ ठेवू नये.

रंग डोळ्यात गेल्यास

इतकी काळजी घेऊनही शेजारचा मुलगा धावत येतो आणि मूठभर कोरडा रंग उधळतो. आपला मुलगा किंचाळतो आणि डोळा चोळू लागतो. या वेळी पहिले मिनिट महत्त्वाचे असते. प्रथम त्याचे हात धरावेत, कारण चोळल्याने कण डोळ्याच्या पडद्यावर घासून ओरखडा पडतो. धुणाऱ्याने स्वतःचे हात धुवावेत. नंतर मुलास हातांसह पंचात गुंडाळून मांडीवर उताणे निजवावे. ज्या डोळ्यात रंग गेला असेल त्या बाजूस मान वळवावी, म्हणजे तो डोळा खाली राहील आणि धुतलेले पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही.

दुसऱ्या माणसाने अंगठा व तर्जनी यांनी पापण्या हळुवारपणे उघड्या धराव्यात. तांब्यातून पिण्याच्या स्वच्छ, साध्या पाण्याची बारीक धार नाकाकडील कोपऱ्यातून कानाकडे वाहील अशी सोडावी. धार बुबुळावर उंचावरून आपटू देऊ नये. घरच्या माहितीच्या रंगासाठी पाच ते दहा मिनिटे धुणे पुरते. रंग कोणता हे ठाऊक नसेल, किंवा त्यात चुना असण्याचा संभव असेल, तर निदान अर्धा तास सतत धुवावे. चुन्याच्या बाबतीत आधी दवाखान्याकडे धावणे आणि नंतर धुणे हा उलटा क्रम डोळा घालवितो. प्रथम जागेवरच धुवावे. मग वाटेतही धार चालू ठेवीत दवाखाना गाठावा. पापणीच्या आत चुन्याचा कण दिसत असेल तर ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने तो अलगद टिपावा. मूल रडते म्हणून धुणे थांबवू नये. रडण्याने येणारे पाणीही कण बाहेर काढण्यास साह्यच करते.

डोळ्यात फुंकर घालणे, तूप, मध, आईचे दूध किंवा गुलाबपाणी घालणे, हे सर्व वर्ज्य समजावे. घरात राहिलेले जुन्या औषधाचे थेंबही घालू नयेत. त्यांपैकी काही औषधांनी डोळ्यावरील जखम बिघडते.

धुतल्यानंतर मुलाने तासाभरात डोळा आपणहून उघडला आणि ते खेळू लागले, तर बहुधा काळजीचे कारण नसते. पण डोळा घट्ट मिटलेलाच राहिला, उजेडाकडे तोंड करवेना, पाणी गळणे थांबेना, लाली वाढू लागली, किंवा बुबुळावर पांढुरका ठिपका दिसला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि तेथून सांगतील त्याप्रमाणे नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चुना गेला असेल तर डोळा बरा दिसत असला तरी दाखवून आणावा. रंगाची पुडी मिळाल्यास बरोबर घ्यावी. वाहन नसेल तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. अनोळखी रंग पोटात गेल्यास तोंड पुसून काढावे. ओकारी मात्र काढू नये.

अंगावरील रंग काढणे

रंग काढण्याच्या प्रयत्नात त्वचेस रंगाहून अधिक इजा होते, असा अनुभव येतो. रॉकेल, कपडे धुण्याची पूड, लिंबू व घासण्याचा दगड यांचा लहान मुलाच्या अंगास स्पर्शही नको. प्रथम हात आणि तोंड, मग सर्व अंग साध्या कोमट पाण्याने धुवावे. डोके धुताना मान मागे झुकवावी, म्हणजे रंगीत पाणी डोळ्यांवरून ओघळत नाही. नंतर बेसन दुधात कालवून हलक्या हाताने फिरवावे आणि सौम्य साबण एकदाच लावावा. अंग टिपून कोरडे केल्यावर खोबरेल तेल लावावे. हळदीचा पिवळेपणा किंवा पळसाची छटा उरलीच तर ती तशीच राहू द्यावी. त्वचेचा वरचा थर झडतो तशी ती काही दिवसांत आपोआप जाते. अंगावर लाल चट्टे उठून वाढू लागले, फोड आले, किंवा चेहरा सुजून श्वासास त्रास होऊ लागला तर मात्र घरगुती उपाय करीत बसू नये; त्वरित दवाखान्यात न्यावे.

शिक्षकाने रंगपंचमीच्या आदल्या शाळेच्या दिवशी यासाठी एक तास द्यावा. त्या तासात हळदीच्या पट्टीची परीक्षा करून दाखवावी, पळसाच्या फुलाचा मखमली पेला काढून मुलांच्या हाती द्यावा, आणि चिंध्यांची बाहुली मांडीवर घेऊन तांब्याच्या धारेने डोळा धुण्याचा सराव दोन-दोन मुलींकडून करून घ्यावा. मान कोणत्या बाजूस वळवावयाची, हे प्रत्येकीस विचारावे. चूक होते ती बहुधा तेथेच. धाकट्या भावंडास कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीस ही एक गोष्ट हातची आली, म्हणजे शेजारचा मुलगा मूठ उधळील तेव्हा ती घाबरून आईस शोधीत पळणार नाही. आधी भावाचे हात धरील आणि तांब्या मागील.